जुन्या पाककृतीतला कप नेमका केवढा?

इंग्रजी पाककृतीत ‘एक कप मैदा’ असे लिहिलेले असते तेव्हा तो कप चहाचा नसतो. ते एक ठरलेले माप असते. अडचण एवढीच की ते सगळीकडे एकच ठरलेले नाही. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा आणि ब्रिटिश इंपीरियल कप २८४ चा. याशिवाय २२७ मिलिलिटरचा एक कप कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या जुन्या पुस्तकांत वावरतो. त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, पण जुन्या पुस्तकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ तोच घालतो. आजच्या पुस्तकात कपाचा आकार बहुधा पहिल्या पानावर दिलेला असतो. रद्दीच्या दुकानात मिळालेल्या, आजीच्या पेटीत सापडलेल्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकात तो नसतो, कारण लिहिणारीच्या आणि वाचणारीच्या घरात कप एकच होता.

हे कप वेगळे का झाले याचे उत्तर स्वयंपाकघरात नाही, गॅलनमध्ये आहे. कप हा पाइंटचा अर्धा भाग आणि पाइंट हा गॅलनचा आठवा. गॅलन बदलला की खालची सगळी मापे बदलतात. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये दारूसाठी एक, बिअरसाठी दुसरा आणि धान्यासाठी तिसरा असे वेगवेगळे गॅलन चालत. त्यांतला दारूचा गॅलन १७०७ साली, अ‍ॅन राणीच्या कारकिर्दीत, २३१ घन इंचांचा म्हणून कायद्याने पक्का झाला. अमेरिकेतल्या वसाहतींनी तो उचलला आणि स्वतंत्र झाल्यावरही सोडला नाही. अमेरिकेचा आजचा गॅलन तोच आहे. त्याचा पाइंट ४७३ मिलिलिटरचा, पाइंटमध्ये १६ द्रव औंस, आणि अर्धा पाइंट म्हणजे आठ औंसांचा कप. २३६.६ मिलिलिटर हा अवघड आकडा येतो तो असा.

इंग्लंडने मात्र १८२४ साली वजनमापांचा नवा कायदा करून जुने सगळे गॅलन मोडीत काढले. दहा पौंड पाणी मावेल तो नवा ‘इंपीरियल’ गॅलन ठरला. कायदा प्रत्यक्षात लागू झाला १ जानेवारी १८२६ पासून. दहा पौंडांचा आठवा भाग सव्वा पौंड, म्हणजे वीस औंस. म्हणून इंपीरियल पाइंट वीस द्रव औंसांचा, ५६८ मिलिलिटरचा झाला. अर्धा पाइंट दहा औंसांचा, २८४ मिलिलिटरचा. त्यातही एक गंमत आहे. दोन्ही देशांचा द्रव औंससुद्धा एकसारखा नाही. ब्रिटिश औंस २८.४ मिलिलिटरचा, तर अमेरिकन २९.६ चा. म्हणजे ब्रिटिश पाइंट मोठा, पण ब्रिटिश औंस लहान. ‘आठ औंस’ एवढेच वाचून कपाचा पत्ता लागत नाही तो यामुळे.

या इतिहासाचा जुन्या पुस्तकांसाठी थेट उपयोग होतो. १८२६ पूर्वी छापलेल्या इंग्रजी पुस्तकातला पाइंट इंपीरियल असूच शकत नाही. दूध, पाणी, दारू यांच्यासाठी तो बहुधा जुना दारूचा पाइंट असतो, म्हणजे आजच्या अमेरिकन पाइंटएवढा. मारिया रंडेल यांचे १८०६ सालचे ‘अ न्यू सिस्टिम ऑफ डोमेस्टिक कुकरी’ हे पुस्तक इंग्लंडचे असले तरी त्यातला पाइंट ५६८ मिलिलिटरचा धरणे चूक ठरते.

अमेरिकेत कपाला माप म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्याआधी तिथल्या पुस्तकांतही हाताशी असेल तो कप, ‘अंड्याएवढे बटर’ अशीच भाषा होती. फॅनी फार्मर या बॉस्टनमधल्या पाकशाळेच्या प्राचार्य. त्यांचे ‘द बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ १८९६ साली निघाले. पुस्तक खपेल याची प्रकाशकाला खात्री नव्हती, म्हणून पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च त्यांना स्वतःच उचलावा लागला. पुढे ते लाखोंनी खपले. या पुस्तकाने एक गोष्ट घरोघर नेली : कप अर्ध्या पाइंटचा, आणि तो सुरीच्या पात्याने वरून सपाट करूनच मोजायचा. चमचाही तसाच, शीग न ठेवता. फार्मर यांच्या कोष्टकात दोन कप बटर म्हणजे एक पौंड, दोन कप साखर म्हणजे एक पौंड आणि चार कप मैदा म्हणजे एक पौंड. हे कोष्टक पुढच्या असंख्य अमेरिकन पुस्तकांत थोड्याफार फरकाने उतरले. त्यामुळे विसाव्या शतकातले अमेरिकन पुस्तक हातात असेल तर कपाविषयी फार डोके खाजवावे लागत नाही. तिथल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर पोषणमूल्ये देताना कप २४० मिलिलिटरचा धरतात, पण ती गोळाबेरीज आहे. २३७ आणि २४० यांतला फरक स्वयंपाकात कोणाच्या लक्षातही येत नाही.

ब्रिटनची गोष्ट उलटी. तिथे कप हे कधी मुख्य माप झालेच नाही. इंग्लिश गृहिणी मैदा, साखर, बटर तराजूत तोलायची आणि द्रव पदार्थ पाइंटाने मोजायची. इसाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात पौंड, औंस आणि पाइंट यांचेच राज्य आहे. कप येतो तो सोयीपुरता, आणि येताना बरेचदा विशेषण लावून येतो. ‘ब्रेकफास्ट-कप’ म्हणजे न्याहारीचा मोठा कप, साधारण अर्धा पाइंट. ‘टी-कप’ म्हणजे चहाचा कप, बहुतेक पुस्तकांत पाव पाइंट, म्हणजे १४२ मिलिलिटर; काही पुस्तकांत मात्र तो पाइंटचा तिसरा हिस्सा असतो. आजकालच्या तक्त्यांत ‘इंपीरियल कप = २८४ मिलिलिटर’ असे जे छापतात तो हा अर्ध्या पाइंटचा कप. ब्रिटिश पाककृतीत टी-कप आला आणि अमेरिकन कपाने मोजले तर जिन्नस दीडपटीहून जास्त पडतो. इतकी मोठी चूक या सगळ्या प्रकरणात दुसरी नाही. म्हणून ‘कप’ या शब्दाच्या आधी काय लिहिले आहे ते आधी पाहावे. पाव पाइंटला ‘गिल’ असाही शब्द येतो. इंग्लंडमध्ये तो १४२ मिलिलिटर, अमेरिकेत ११८. इंग्लंडच्या उत्तर भागात तर बोलताना अर्ध्या पाइंटलाच गिल म्हणत, त्यामुळे तिथल्या एखाद्या गावच्या चर्चने छापलेल्या पुस्तिकेत तो शब्द दिसला तर विशेष जपून राहावे.

आता तो चौथा कप. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे ब्रिटिश साम्राज्यातले देश. तिथला पाइंट अर्थातच वीस औंसांचा, इंपीरियल. पण स्वयंपाकाची सवय अमेरिकेच्या वळणाची, म्हणजे तोलण्याऐवजी कपाने मोजण्याची. दोन्हींचा मेळ घालून तिथे आठ औंसांचाच कप रूढ झाला, पण औंस इंपीरियल. आठ गुणिले २८.४ म्हणजे २२७ मिलिलिटर. हा कप पाइंटचा अर्धा भाग नाही. एका पाइंटमध्ये असे अडीच कप मावतात. १९७० च्या दशकात हे देश मेट्रिक पद्धतीवर आले तेव्हा जुना कप काढून २५० मिलिलिटरचा सुटसुटीत कप आणला गेला. लिटरचा चौथा भाग, हिशेबाला सोपा. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेतही आता हाच चालतो. ऑस्ट्रेलियाने त्याच वेळी मोठा चमचाही २० मिलिलिटरचा ठरवला. अमेरिका, ब्रिटन, न्यूझीलंड, सगळीकडे मोठा चमचा सुमारे १५ चा, म्हणजे तीन लहान चमच्यांचा. एकट्या ऑस्ट्रेलियात तो चार लहान चमच्यांचा. हा फरक कपाच्या फरकापेक्षा जास्त नडतो, कारण जिलेटिन, कॉर्नफ्लोअर यांसारखे जिन्नस मोठ्या चमच्यानेच मोजतात आणि तिथे तिसऱ्या हिश्श्याची चूक होते.

पुस्तक हातात घेतल्यावर पहिला प्रश्न अर्थातच ते कुठे आणि कधी छापले हा. शीर्षकपान असेल तर काम तिथेच निम्मे होते. न्यूयॉर्क किंवा शिकागो असेल तर अमेरिकन कप. सिडनी किंवा मेलबर्न असेल तर साल पाहायचे : १९७० पूर्वीचे असेल तर २२७, १९८० नंतरचे असेल तर २५०, आणि मधल्या दशकातले असेल तर आतला मजकूर वाचून ठरवायचे. लंडन असेल आणि कप आलाच, तर अर्धा पाइंट. पण लंडनच्या पत्त्यावर एवढा भरवसा ठेवू नये. अमेरिकन पुस्तकांच्या ब्रिटिश आवृत्त्या लंडनहून निघत आणि त्यांत कित्येकदा ‘या पुस्तकातला कप अमेरिकन आहे’ अशी एक ओळ प्रस्तावनेत कुठेतरी दडलेली असते. प्रस्तावना कोणी वाचत नाही, पण जुन्या पाकपुस्तकात ती आधी वाचावी.

शीर्षकपान फाटलेले असेल तर भाषा देश सांगते. अमेरिकन पुस्तकात साध्या मैद्याला ‘ऑल-पर्पज फ्लोअर’, मक्याच्या पिठाला ‘कॉर्नस्टार्च’, पिठीसाखरेला ‘कन्फेक्शनर्स शुगर’ म्हणतात. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन पुस्तकांत हेच जिन्नस ‘प्लेन फ्लोअर’, ‘कॉर्नफ्लोअर’ आणि ‘आयसिंग शुगर’ होतात. बारीक साखर ‘कॅस्टर शुगर’ म्हणून येते. बटर ‘स्टिक’ने मोजलेले दिसले तर शंकाच नको. स्टिक म्हणजे पाव पौंडाची कांडी, बरोबर अर्धा अमेरिकन कप, आणि ती अमेरिकेतच मिळते. ‘क्रिस्को’ हे वनस्पती तुपाचे नाव आले तर पुस्तक अमेरिकन वळणाचे आणि १९११ नंतरचे, कारण तो माल बाजारात आला तोच त्या वर्षी. ओव्हनचे तापमान ‘गॅस मार्क’ने दिले असेल तर पुस्तक ब्रिटिश आणि १९२० च्या दशकानंतरचे. फॅरेनहाइटच्या जागी सेल्सिअस आणि औंसांच्या जागी ग्रॅम आले की मेट्रिक काळ सुरू झाला असे समजावे. ‘१२५ ग्रॅम बटर’ हा आकडा वारंवार आला तर ते बहुधा ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचे मेट्रिक पुस्तक असते. जुन्या चार औंसांना तिथल्या लोकांनी दिलेले ते नवे रूप आहे.

कॅनडा मात्र या खुणांना दाद देत नाही. तिथे मैदा ‘ऑल-पर्पज’, अमेरिकेसारखा, पण रंगाचे स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीचे. पाइंट वीस औंसांचा, पण दुकानात अमेरिकन मालही आणि घरात अमेरिकन मोजकपही. भाषेवरून देश ओळखला तरी कप ओळखता येईलच असे नाही.

अशा वेळी पुस्तकालाच विचारावे लागते, आणि त्यासाठी दोन प्रश्न पुरतात. पहिला प्रश्न : या पुस्तकात एका पाइंटमध्ये किती कप धरले आहेत? दुसरा : एक कप बटर किती औंस धरले आहे? पुस्तकात कुठे ना कुठे कपाची गाठ पाइंटशी किंवा वजनाशी पडलेली असतेच. कधी शेवटच्या पानावरच्या कोष्टकात, कधी एखाद्या पाककृतीत कंसात, कधी मोठ्या मेजवानीसाठी दिलेल्या सुपाच्या प्रमाणात. ती जागा शोधायची.

पाइंटचा प्रश्न आधी. ‘१ पाइंट (अडीच कप)’ असे दिसले तर निकाल लागला. पाइंट वीस औंसांचा, कप आठ औंसांचा, म्हणजे २२७ मिलिलिटरचा जुना ऑस्ट्रेलियन किंवा कॅनेडियन कप. ‘अर्धा पाइंट (सव्वा कप)’ हीदेखील त्याचीच खूण. मेट्रिक संक्रमणाच्या काळात ‘६०० मिलिलिटर (अडीच कप)’ असे छापले जाई. तिथे कप २५० चा झाला आहे, पण जुन्या पाइंटची सावली अजून गेलेली नाही. गणित पंचवीस मिलिलिटर पाण्याच्या आत-बाहेर जमवून घेतले आहे. याउलट ‘१ पाइंट (२ कप)’ असे दिसले तर कप अर्ध्या पाइंटचा आहे एवढेच कळते. तो अमेरिकन असू शकतो किंवा ब्रिटिश. इथे दुसरा प्रश्न कामाला येतो.

बटर हा जिन्नस या कामासाठी उत्तम, कारण ते कपात दाबून भरले की आत पोकळी राहत नाही आणि वजन जवळपास ठरलेले येते. अमेरिकन कपात २२७ ग्रॅम बटर मावते, म्हणजे बरोबर आठ औंस, अर्धा पौंड. ब्रिटिश अर्ध्या पाइंटच्या कपात सुमारे २७२ ग्रॅम, म्हणजे साडेनऊ औंसांच्या थोडे वर. २२७ मिलिलिटरच्या कपात सुमारे २१८ ग्रॅम, पावणेआठ औंसांच्या किंचित खाली. पण छापताना त्यालाही सरसकट आठ औंसच म्हणत. म्हणजे बटरच्या वजनावरून मोठा ब्रिटिश कप वेगळा काढता येतो, अमेरिकन आणि जुना ऑस्ट्रेलियन मात्र नाही. ते काम पाइंटच्या प्रश्नाने आधीच केलेले असते. दोन्ही प्रश्न मिळून तिन्ही जुने कप सुटे होतात. मैद्याचे वजनही साक्षीला घेता येते : कपाला चार औंस मैदा लिहिला असेल तर आठ औंसांचा कप, पाच औंस असेल तर अर्ध्या इंपीरियल पाइंटचा. पण मैदा हा बेभरवशाचा साक्षीदार आहे. तो का, ते पुढे येईलच.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, एक पुस्तक मिळाले आहे. पुठ्ठा नाही, पहिली वीस पाने नाहीत. आत भोपळ्याचे स्कोन, लॅमिंग्टन आणि पॅशनफ्रूटचे आयसिंग आहे. मैदा ‘सेल्फ-रेझिंग’, साखर ‘कॅस्टर’, ओव्हन ‘मॉडरेट’ आणि पुढे ३५० अंश. सेल्सिअसमध्ये ३५० अंशांवर केकचा कोळसा होईल, म्हणजे हे फॅरेनहाइट. ग्रॅम कुठेच नाहीत. लॅमिंग्टन आणि भोपळ्याचे स्कोन म्हणजे ऑस्ट्रेलिया, फॅरेनहाइट आणि औंस म्हणजे मेट्रिकच्या आधीचा काळ. अंदाज झाला २२७ मिलिलिटरचा. आता पडताळा. बिस्किटांच्या कृतीत ‘अर्धा कप (४ औंस) बटर’ सापडते. अर्धा ब्रिटिश कप असता तर ते पाच औंसांच्या जवळ गेले असते, म्हणून तो बाद. मग कस्टर्डच्या कृतीत ‘सव्वा कप (अर्धा पाइंट) दूध’ दिसते. अमेरिकन कप असता तर अर्धा पाइंट एका कपातच संपला असता. म्हणून अमेरिकनही बाद, आणि अंदाज पक्का. या पुस्तकातला मोठा चमचा मात्र आजच्या ऑस्ट्रेलियन पद्धतीचा २० मिलिलिटरचा असेलच असे समजू नये; पुस्तक त्या बदलाच्या आधीचे आहे.

कप चुकला तर काय बिघडते? याचे उत्तर पाककृतीप्रमाणे बदलते. सगळेच जिन्नस कपाने मोजलेले असतील तर काहीच बिघडत नाही. दोन कप पाणी, एक कप तांदूळ यात कप कोणताही घ्या, प्रमाण तेच राहते. भात थोडा कमी-जास्त होईल इतकेच. मराठी घरातला वाटीचा हिशेब याच तत्त्वावर चालतो, म्हणून तिथे वाटीच्या आकाराचा प्रश्न क्वचितच येतो. गडबड होते ती कपाच्या जोडीला मोजून घ्यायचे जिन्नस आले की. अंडी नगावर येतात, यीस्टचे पाकीट येते, कंडेन्स्ड मिल्कचा डबा येतो, बेकिंग पावडर चमच्याने येते, आणि केकचे भांडे ठरलेल्या इंचांचे असते. या गोष्टी कपाबरोबर मोठ्या-लहान होत नाहीत.

अमेरिकेतला जुना ‘एक-दोन-तीन-चार’ केक घेऊ. त्याचे नावच त्याची कृती आहे : एक कप बटर, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी. सोबत एक कप दूध आणि तीन लहान चमचे बेकिंग पावडर. अमेरिकन कपाने मोजले तर मैदा सुमारे ३६० ग्रॅम, साखर ४००, बटर २२७, आणि कवचाशिवाय चार अंडी साधारण २०० ग्रॅम. आता हाच केक कोणी इंग्लंडहून आणलेल्या अर्ध्या पाइंटच्या कपाने केला, तर मैदा होतो ४३० च्या आसपास, साखर ४८०, बटर २७२. अंडी मात्र चारच, बेकिंग पावडर तीनच चमचे. मैद्याच्या मानाने अंडी ५५ टक्क्यांवरून ४६ वर उतरली. केकचा सांगाडा धरून ठेवणारे अंडे कमी, त्याला मऊ करून खाली बसवणारी साखर आणि बटर मात्र भरपूर. असा केक मध्ये खचतो, कडेला गडद होतो, आणि नऊ इंचांच्या भांड्यातून मिश्रण वर येऊन ओव्हनच्या तळाशी जळते ते वेगळेच. पाककृतीत दोष नसतो; ती वेगळ्या कपासाठी लिहिलेली असते. भारतात आणखी एक भर पडते. बाजारातले साधे अंडे बरेचदा अमेरिकेतल्या ‘लार्ज’ अंड्याहून लहान असते. म्हणून अंडी शक्य तर फोडून, वजन करून घ्यावीत.

आता अमेरिकन आणि मेट्रिक कपातला फरक पाहा : २३७ आणि २५०, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के. याच्यासाठी काळजी करण्यात अर्थ नाही. याहून मोठी चूक मैदा भरताना होते. मैद्याच्या डब्यात कप खुपसून भरला आणि वर थोडा दाबला तर कपात १५० ग्रॅम मैदा सहज बसतो. चमच्याने हलकेच टाकून वरून सपाट केला तर १२० च्या आसपास. आधी चाळून मग भरला तर ११०. मैद्याला बेभरवशाचा साक्षीदार म्हटले ते यासाठी. कप एकच, पण हात बदलला की तीस-चाळीस ग्रॅमचा फरक. फार्मर यांच्या काळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन पुस्तकांत मैदा आधी चाळून मगच मोजण्याची पद्धत होती. म्हणून त्या काळच्या पुस्तकातला कपभर मैदा ११३ ग्रॅम, म्हणजे चार औंस, धरावा. आजच्या पद्धतीने खुपसून भरलेला कप त्यात घातला तर केक कोरडा होतो आणि दोष उगाच कपाच्या आकारावर जातो.

मग जुन्या पुस्तकाच्या बाबतीत व्यवहार काय ठेवावा? अमेरिकन पुस्तक असेल तर घरातला २४० किंवा २५० चा मोजकप बिनधास्त वापरावा. जुने ऑस्ट्रेलियन पुस्तक असेल तर २५० चा कप काठापासून जरासा कमी भरावा, किंवा कपाऐवजी पुस्तकातलेच औंस २८ ने गुणून वजनकाट्यावर तोलावे. ते अधिक बरे. ब्रिटिश ब्रेकफास्ट-कप आला तर २५० चा कप भरून वर दोन मोठे चमचे आणखी. टी-कप आला तर निम्म्या कपापासून सुरुवात करावी आणि पिठाचा किंवा मिश्रणाचा घट्टपणा पाहून वाढवावे. काहीच ठरत नसेल तर २४० धरून चालावे : त्याच्या खाली २२७ आणि वर २५०, दोन्ही पाच-सहा टक्क्यांच्या आत येतात. चुकण्याची खरी भीती मग एकट्या २८४ ची उरते, आणि ती बटरच्या वजनाचा प्रश्न विचारून दूर करता येते.

घरातला मोजकप तरी किती मिलिलिटरचा आहे हेही एकदा पाहावे. भारतात मिळणाऱ्या संचांवर कधी २४० लिहिलेले असते, कधी २५०, कधी काहीच नाही. वजनकाट्यावर रिकामा कप ठेवून काटा शून्यावर आणावा आणि कप काठोकाठ पाण्याने भरावा. एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळपास एक ग्रॅम, तेव्हा काट्यावरचा आकडा हेच उत्तर. आकडा १८० च्या आसपास आला तर तो मोजकप नव्हे, भाताच्या विजेच्या कुकरसोबत येणारा जपानी पद्धतीचा कप आहे. तो भातापुरताच ठेवावा.

आणि एकदा पुस्तकाचा कप ठरला की तो पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावा : कप किती मिलिलिटरचा, मोठा चमचा कितीचा, आणि हे कोणत्या पानावरच्या कोणत्या ओळीवरून ठरवले. पुस्तक पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला हा शोध पहिल्यापासून करावा लागणार नाही.